जनरेटरचं एक युनिट नेमकं कितीला पडतं? एका छोट्या दुकानाचा खरा हिशेब

उन्हाळा लागला की आपल्या मोहल्ल्यांत एक आवाज परत सुरू होतो. लाईट जाते, पंखे थांबतात आणि दोन मिनिटांत कुठल्या तरी दुकानासमोरून जनरेटरची धडधड ऐकू येते. आईस्क्रीमवाला, बेकरीवाला, मोबाईलवाला, झेरॉक्सवाला, ज्याच्याकडे मशीन आहे तो दोरी ओढतो किंवा चावी फिरवतो. पण त्या मशीनमधून निघणारी वीज नेमकी किती महाग पडते, हे विचारलं तर बहुतेक दुकानदार अंदाजाने सांगतात, "पंचवीस-तीस रुपये युनिट पडत असेल."

आम्ही हा अंदाज तपासून पाहिला. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीच्या एका चाचांचं कोल्ड्रिंक आणि आईस्क्रीमचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ५ केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला. आता त्यांचा मुलगा शेजारच्या गावात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकतोय आणि तिथेही असाच जनरेटर घ्यावा, असं घरात चाललं आहे. एक-दीड लाखाचा प्रश्न आहे. छोट्या दुकानाच्या भांडवलात ही रक्कम लहान नाही. म्हणून चाचांनी आम्हाला सांगितलं, "अंदाज नको, कागदावर मांडून द्या." तोच कागद आज आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत.

आधी बिल नीट वाचू

जनरेटर महाग की स्वस्त हे ठरवायचं तर समोर लाईनच्या विजेचा खरा दर हवा. चाचा म्हणाले, "आपल्याला दहा रुपये युनिट लागतं." बिलावर पाहिलं तर तसंच दिसत होतं, पण ते अर्धंच खरं होतं.

व्यापारी जोडणीच्या बिलात बऱ्याच ओळी असतात. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन या तीन ओळी जितके युनिट जळतील तितक्या वाढतात. चाचांच्या बिलात त्या मिळून युनिटला साधारण १० रुपये होत होत्या. त्याशिवाय स्थिर आकार असतो. तुम्ही महिनाभर शटर बंद ठेवलं तरी तो भरावाच लागतो. चाचांना तो सुमारे ५२० रुपये आला होता. या सगळ्या रकमेवर वीज शुल्क लागतं. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के आहे आणि व्यापारी ग्राहकाला २१ टक्के. शेवटी वीज विक्री कर म्हणून युनिटमागे काही पैसे.

चाचांचे त्या महिन्याचे ४५० युनिट होते आणि बिल ६,१६० रुपये. भागाकार केला तर एक युनिट १३ रुपये ७० पैशांना पडलं. म्हणजे "दहा रुपये" हा आकडा इथेच खोटा ठरला.

पण जनरेटरशी तुलना करताना अजून एक फरक करावा लागतो. दुपारी एक तास लाईट गेली आणि त्या तासाचे युनिट वापरले गेले नाहीत, तर आपला स्थिर आकार काही कमी होत नाही. वाचतं ते फक्त युनिटमागचं बिल, म्हणजे १० रुपये, त्यावरचं २१ टक्के शुल्क आणि विक्री कर. ही रक्कम साधारण १२ रुपये ३० पैसे होते. जनरेटरचं युनिट ज्याच्याशी लावून पाहायचं तो दर हा आहे.

महावितरणच्या भागात असाल किंवा भिवंडी, मुंब्रा, मालेगावसारख्या ठिकाणी फ्रँचायझी कंपनी बिल देत असेल, तरी दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेलेच असतात. बिलाची मांडणी थोडीफार वेगळी दिसेल, पण हिशेबाची पद्धत हीच. एकूण रकमेला युनिटने भागा. मग स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क बाजूला काढून पुन्हा भागा. दोन्ही आकडे डायरीत लिहून ठेवा.

एका लिटरमध्ये किती युनिट?

आता जनरेटरकडे येऊ. मशीन विकणाऱ्याने चाचांना सांगितलं होतं की एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिट निघतात. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर हे २६ ते ३० रुपये युनिट झालं. चाचांच्या डोक्यातला आकडा तिथूनच आलेला होता.

हा आकडा मोठ्या, पूर्ण भाराने चालणाऱ्या मशीनला शोभतो. एका लिटर डिझेलमध्ये उष्णतेच्या रूपात साधारण १० युनिट एवढी ऊर्जा असते. मोठा कारखान्याचा सेट त्यातले साडेतीन-चार युनिट विजेच्या रूपात बाहेर काढतो. बाकीचं धुरातून, पाण्यातून, गरम इंजिनातून निघून जातं. ५ केव्हीएचं छोटं, हवेने थंड होणारं इंजिन त्याहून कमजोर. ते पूर्ण भारावर, म्हणजे ४ किलोवॅट लोडवर, तासाला दीड लिटरच्या आसपास पितं. म्हणजे लिटरला २.७ युनिटच्या जवळ. अशा वेळी एक युनिट ३४ रुपयांना पडतं.

पण चाचांचं दुकान ४ किलोवॅट वापरतच नाही. आम्ही दुकानातली एकेक वस्तू मोजली. एक डीप फ्रीझर २५० वॉट, काचेचा कूलर ३०० वॉट, सहा एलईडी मिळून १२०, दोन पंखे १५०, कॅमेरे, वायफाय आणि बिलिंग मशीन मिळून १०० वॉट. सगळं एकदम चालू असलं तरी ९२० वॉट. कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतात, म्हणून सरासरी ८०० वॉट. म्हणजे ४ किलोवॅटची मशीन आणि काम तिच्या पाचव्या हिश्श्याचं.

इथेच खरी गोम आहे. इंजिन ३००० किंवा १५०० फेऱ्यांवर फिरत राहायलाच डिझेल खातं. त्याला एक बल्ब लावा नाहीतर काहीच लावू नका, स्वतःला फिरवण्याचा खर्च सुटत नाही. अशा छोट्या मशीनला तो तासाला ४०० मिलीलिटरच्या आसपास असतो. रिकामी रिक्षा गावभर फिरवली तरी इंधन जळतंच, तसं.

दुकानातच केलेली चाचणी

चाचांना आम्ही कागदावर पटवायला गेलो नाही, त्यांच्या दारातच मोजून दाखवलं. हे कोणालाही जमतं. जनरेटरच्या वायरवर एक साधा सब-मीटर बसवून घ्यायचा. इलेक्ट्रिशियनकडे तो पाच-सातशे रुपयांना मिळतो. टाकी काठोकाठ एका खुणेपर्यंत भरायची. मीटरचा आकडा लिहून घ्यायचा. नेहमीचं दुकान जसं चालतं तसं दोन तास चालवायचं. मग मशीन बंद करून, थंड झाल्यावर, मापाच्या बाटलीने त्याच खुणेपर्यंत परत डिझेल भरायचं. जितकं भरावं लागलं तितकं जळालं.

चाचांच्या दुकानात दोन तासांत १ लिटर २५० मिली डिझेल गेलं. मीटरवर वाढलेले युनिट होते १.६. म्हणजे एका लिटरला जेमतेम १.२८ युनिट. सव्वा लिटरचे ११२ रुपये ५० पैसे, भागिले १.६ युनिट. एक युनिट ७० रुपयांना पडलं.

चाचा दोनदा मीटर बघायला गेले. म्हणाले, "मीटर तर बरोबर आहे ना बेटा?" मीटर बरोबर होता. चाचणीआधी तो तासभर लाईनवर लावून मुख्य मीटरशी ताडून पाहिला होता.

डिझेलवर हिशेब थांबत नाही. अशा मशीनचं ऑईल पहिल्यांदा ५० तासांनी आणि नंतर साधारण १०० ते २०० तासांनी बदलायचं असतं. नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात दिलेला असतो. चाचा १२५ तासांनी बदलतात. ऑईल, फिल्टर आणि मेकॅनिकची मजुरी मिळून त्यांना १,२५० रुपये लागतात. म्हणजे तासाला १० रुपये. तासाला ०.८ युनिट निघतं, म्हणून युनिटमागे साडेबारा रुपये. नुसत्या ऑईलचा खर्च लाईनच्या एका अख्ख्या युनिटएवढा झाला.

डिझेल आणि ऑईल मिळून चालू खर्च ८३ रुपये युनिट. समोर लाईनचं १२ रुपये ३० पैसे. म्हणजे पावणेसात पट.

मशीनची किंमत कोण मोजणार?

मशीन फुकट आलेली नव्हती. चाचांनी ती १ लाख ४० हजाराला घेतली. आठ वर्षं वापरून ३० हजाराला विकली गेली असं धरू. म्हणजे १ लाख १० हजार रुपये झिजले. त्यांच्या भागात महिन्याला सरासरी २५ तास लाईट जाते. वर्षाचे ३०० तास, आठ वर्षांचे २,४००. भागाकार केला तर तासाला ४६ रुपये, युनिटमागे ५७ रुपये.

सगळं मिळून जनरेटरचं एक युनिट १४० रुपयांना पडतं. लाईनच्या पूर्ण दराच्या, म्हणजे १३ रुपये ७० पैशांच्या, दहापट.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण आपल्या बाजारात जनरेटरबद्दलची समजूत जुन्या काळात घडलेली आहे. २००५ ते २०१२ च्या भारनियमनाच्या काळात तालुक्याच्या गावांत रोज कित्येक तास वीज नसायची. तेव्हा २०१० च्या सुमारास डिझेल लिटरला चाळीस रुपयांच्या आसपास होतं, आणि भावावर सरकारचं नियंत्रण होतं. मशीन रोज सहा तास चालायची, म्हणून तिची किंमत हजारो तासांवर वाटली जायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव नियंत्रणमुक्त झाला. आज भाव दुपटीच्या वर आहे आणि लाईट जाण्याचे तास त्या काळापेक्षा कमी आहेत. डिझेल महागल्याने चालू खर्च वाढला, आणि तास घटल्याने मशीनच्या किमतीचा तासामागचा हिस्सा वाढला. जो हिशेब आपल्या वडिलांच्या दुकानाला लागू पडत होता, तो आज दोन्ही बाजूंनी उलटला आहे.

मग मशीन बंद करून ठेवायची का?

नाही. चाचांनी हाच प्रश्न विचारला आणि आमचं उत्तर त्यांना थोडं अनपेक्षित वाटलं. मशीनला दिलेले पैसे गेलेले आहेत. ती चालवली काय आणि झाकून ठेवली काय, ते परत येत नाहीत. म्हणून जी मशीन दारात उभी आहे तिच्यासाठी प्रश्न एवढाच की या तासाला ती चालवण्याचा खर्च या तासाच्या कमाईतून निघतो का.

तासाचा चालू खर्च डिझेलचे ५६ आणि ऑईलचे १० मिळून ६६ रुपये. लाईन असती तर त्या तासाला साधारण १० रुपये बिल आलंच असतं. म्हणजे जादा बोजा ५६ रुपये. चाचांना कोल्ड्रिंक-आईस्क्रीमवर सरासरी १० टक्के सुटतात. तर ५६ रुपये भरून काढायला ५६० रुपयांची विक्री हवी. आणि हा शब्द महत्त्वाचा आहे: अशी विक्री, जी लाईट नसती तर झालीच नसती. जे गिऱ्हाईक अंधारातही बाटली घेऊन गेलंच असतं, ते यात धरायचं नाही.

चाचांनी आठवड्याची गल्ल्याची वही काढली. दुपारी दोन ते चारमध्ये तासाला दोन-तीनशेचीच विक्री होती. तेव्हा मशीन चालवणं म्हणजे खिशातून पैसे देऊन दुकान उघडं ठेवणं. संध्याकाळी सात ते नऊमध्ये तासाला दीड-दोन हजार. तेव्हा मशीन बिनधास्त चालवावी. रमजानच्या महिन्यात तर इफ्तारच्या आधीचा तास पूर्ण दिवसाच्या बरोबरीचा असतो. त्या तासाला लाईट गेली आणि मशीन चालू झाली नाही, तर ५६ रुपयांचा हिशेब करत बसण्यात काही अर्थ नाही.

"पण दुपारी आईस्क्रीम वितळलं तर?" चाचांची खरी भीती ही होती. विक्रीपेक्षा माल वाचवण्यासाठीच ते मशीन लावत होते. म्हणून एका दुपारी आम्ही फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवून पाहिला. भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता ठेवला तर भर उन्हाळ्यातही दोन-तीन तास माल कडक राहतो. आतला गोठलेला मालच बर्फाच्या लादीचं काम करतो. अर्धा रिकामा फ्रीझर लवकर गरम होतो आणि सारखं झाकण उघडलं तर सगळंच बिघडतं. काचेचा कूलर मात्र अर्ध्या-पाऊण तासात कोमट व्हायला लागतो. पण कोमट झालेली बाटली परत थंड होते, वितळलेलं आईस्क्रीम परत तसं होत नाही. म्हणून लक्ष फ्रीझरवर ठेवायचं. मासे, चिकन किंवा दूध विकणाऱ्याने मात्र एवढी सवड धरू नये. तिथे माल वास मारायच्या आधीच धोकादायक झालेला असतो.

इन्व्हर्टर जोडीला घेतला तर

चाचांसाठी आम्ही सुचवलेला रस्ता असा. दिवे, पंखे, कॅमेरे आणि बिलिंग मशीन हा ३७० वॉटचा भार इन्व्हर्टरवर न्यायचा. दोन १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या पुरतात. फ्रीझर आणि कूलर फक्त जनरेटरवर ठेवायचे.

तास-दीड तास लाईट गेली तर जनरेटरला हातच लावायचा नाही. संध्याकाळच्या गर्दीची गोष्ट वेगळी, ती वर सांगितलीच. फ्रीझर बंद, दिवे-पंखे इन्व्हर्टरवर. बॅटरीत वीज भरताना आणि काढताना तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त वाया जाते, म्हणून इन्व्हर्टरचं युनिट १२ रुपये ३० पैशांऐवजी १९ रुपयांना पडतं. तरी ८३ रुपयांपुढे ते काहीच नाही.

सहा तासांसाठी लाईट गेली, ट्रान्सफॉर्मर जळाला किंवा दिवसभराचं दुरुस्तीचं काम निघालं, तर जनरेटर सलग चालवायचा नाही. दोन तास बंद, एक तास चालू. त्या एका तासात फ्रीझर, कूलर, दिवे आणि बॅटरीचं चार्जिंग, सगळं एकदम त्याच्यावर टाकायचं. भार १.४ किलोवॅटपर्यंत जातो. तासाला जवळपास ८०० मिली डिझेल लागतं, पण एका लिटरमागे १.२८ ऐवजी पावणेदोन युनिट मिळतात. इंजिनचा रिकामा फिरण्याचा खर्च जास्त कामावर वाटला जातो.

सहा तास सलग चालवलं असतं तर डिझेल आणि ऑईल मिळून ४०० रुपये गेले असते. आलटून पालटून चालवलं तर डिझेलचे १४२, ऑईलचे २० आणि नंतर लाईनवर बॅटरी भरायचे १५-२० मिळून १८० रुपयांत काम होतं.

महिन्याच्या २५ तासांपैकी १२ तास अशा दोन लांब खंडांचे आणि १३ तास छोट्या खंडांचे धरले, तर चाचांचा १,६५० रुपयांचा खर्च साडेचारशेच्या आसपास येतो. त्यात गर्दीच्या वेळी चालवलेले काही तास मिळवले तरी महिन्याला हजार रुपये वाचतात. पण दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर ४० हजारापर्यंत जातो. म्हणजे पैसे वसूल व्हायला तीन वर्षांच्या वर लागतात आणि बॅटऱ्या चार-पाच वर्षं टिकतात. फायदा आहे, पण थोडका. बॅटरीत पाणी वेळेवर घातलं नाही आणि ती दोन वर्षांत बसली, तर तोटाच. हे आम्ही चाचांना स्पष्ट सांगितलं.

मुलाच्या दुकानाचं गणित

आता ज्या प्रश्नासाठी हे सगळं सुरू झालं तो. मुलाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. तिथे फ्रीझर नाही, कूलर नाही. दिवे, एक पंखा, लॅपटॉप, सोल्डरिंगचं सामान. सरासरी भार ३०० वॉट.

हा भार ५ केव्हीएच्या डिझेल मशीनवर टाकला तर तासाला साधारण ४८० मिली डिझेल जाईल आणि युनिट निघेल ०.३. नुसत्या डिझेलचेच युनिटला १४५ रुपये. ऑईलचे ३३. मशीनच्या किमतीचे १५० च्या वर. एकूण ३३० रुपयांच्या आसपास एक युनिट. महिन्याला २५ तासांत साडेसात युनिट निघणार आणि त्याचा खर्च जवळपास अडीच हजार.

त्याऐवजी एका बॅटरीचा इन्व्हर्टर २४ हजाराचा. चार वर्षांवर वाटला तर युनिटमागे ६७ रुपये, चार्जिंगचे १९. एकूण ८६ रुपये. महिन्याचे साडेसहाशे. ही वीजसुद्धा स्वस्त नाही, पण अडीच हजार आणि साडेसहाशे यांत निवड करायला कोणाला विचारायची गरज नाही. एका बॅटरीवर ३०० वॉटचा भार तीन तास चालेल. त्याहून जास्त वेळ रोजच लाईट जात असेल तर मात्र हा हिशेब बदलतो आणि दुसरी बॅटरी लागते.

मुलगा ऐकत होता. म्हणाला, "अब्बा, मग तुम्ही एवढी मोठी मशीन का घेतली?" प्रश्न रास्त होता. कारण होतं फ्रीझरचा झटका. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या पाच-सहा पट करंट ओढतो. फ्रीझर आणि कूलर एकाच क्षणी सुरू झाले तर छोटी मशीन दम सोडते. विक्रेत्याने म्हणून मोठी दिली. पण दोन्ही एकामागून एक, पाच मिनिटांच्या अंतराने सुरू केले असते तर निम्म्या ताकदीची मशीन चालली असती. त्या एका सवयीची किंमत चाचा दर तासाला डिझेलमध्ये भरत आहेत.

मशीन हलक्या भारावर आजारी पडते, ते कसं ओळखायचं

कमी भारावर नुकसान फक्त डिझेलचं होत नाही. इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, त्याची काजळी आणि तेलकट थर सायलेन्सरमध्ये, वॉल्ववर, पिस्टनच्या रिंगांवर बसतो. चाचांच्या मशीनच्या सायलेन्सरच्या तोंडाशी काळा चिकट ओघळ दिसत होता. धूर काळसर झाला होता आणि ऑईल आधीपेक्षा लवकर कमी होत होतं. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर मशीन बिघडत चालली आहे असं समजा. कायम तिसऱ्या हिश्श्याच्या खाली चालवणं टाळावं, आणि महिन्यातून एकदा तरी तासभर मोठा भार टाकून ती तापू द्यावी. आलटून पालटून चालवण्याचा हा दुसरा फायदा.

आणि दोन गोष्टी पैशाच्या हिशेबाच्या बाहेरच्या आहेत, पण त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली, जनरेटरची वायर साध्या पिनने सॉकेटमध्ये खोचून दुकान चालवणारे अजून आहेत. ती वीज उलट लाईनवर जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच बसवायलाच हवा. दुसरी, शटर अर्धं ओढून आत किंवा मागच्या बंद खोलीत मशीन चालवू नका. तिच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस बसल्या जागी गुंगीत जातो आणि कळतही नाही.

मुलाच्या दुकानाला इन्व्हर्टर लागला. चाचांनी जनरेटर विकला नाही, पण त्याच्या बाजूला आता एक वही टांगलेली असते. किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद केला, किती डिझेल भरलं आणि त्या तासाला गल्ल्यात किती आले. परवा गेलो तेव्हा दुपारची लाईट गेलेली होती, फ्रीझरवर जाड गोधडी टाकलेली होती आणि चाचा दारात खुर्ची टाकून हातपंख्याने वारा घेत बसले होते. आम्ही मशीनकडे बघितलं तर म्हणाले, "आत्ता नाही. सात वाजू द्या."